उंदीर अकराव्या मजल्यावर कसा पोहोचतो? केबल डक्ट, ड्रेनेज पाइप आणि त्याचा रस्ता बंद करण्याची पद्धत

घरातल्या फायबर राउटरवर `LOS` नावाचा एक छोटा दिवा असतो. तो लाल झाला की बहुतेक जण राउटर बंद करून परत चालू करतात, मग कस्टमर केअरला फोन लावतात. लाल `LOS` म्हणजे राउटरपर्यंत प्रकाशच पोहोचत नाहीये. पाण्याच्या दिवसांत रस्ता खोदला, कुठे झाड पडलं, की असं होतं. पण उंच इमारतीत एक कारण असं आहे जे कुणाच्या पटकन लक्षात येत नाही. उंदराने डक्टमध्ये केबल कुरतडलेली असते, आणि तीही तळमजल्यावर नाही तर दहाव्या, बाराव्या मजल्यावर.

"एवढ्या वर उंदीर? लिफ्टने आला का?" हा प्रश्न मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोनदा ऐकला आहे. आजच्या लेखात त्याचंच उत्तर बघू: तो नेमका कुठून चढतो, कोणत्या मजल्यापर्यंत आलाय हे कसं शोधायचं, आणि रस्ता बंद करताना कोणता क्रम ठेवायचा. विषाच्या गोळ्यांबद्दलही थोडं बोलू, कारण बहुतेक सोसायट्या सुरुवात तिथूनच करतात आणि तिथेच थांबतात.

आधी प्राणी ओळखा

आपल्याकडच्या इमारतींमध्ये तीन वेगळे प्राणी भेटतात आणि आपण तिघांनाही उंदीरच म्हणतो. पहिली घूस. अंगाने मोठी, जमिनीत बिळं करणारी, पार्किंगच्या कडेची फरशी पोकळ करणारी. ती वर चढण्याच्या भानगडीत फारशी पडत नाही. दुसरा गटारातला तपकिरी उंदीर. जाड, साधारण ३०० ते ५०० ग्रॅम वजनाचा, शेपूट अंगापेक्षा आखूड, पोहण्यात पटाईत. तिसरा काळा उंदीर, म्हणजे Rattus rattus. वजन साधारण १५० ते २५० ग्रॅम, अंग सडपातळ, कान मोठे आणि शेपूट डोकं-अंग मिळून असलेल्या लांबीपेक्षाही लांब. वरच्या मजल्यांवर जो दिसतो तो बहुतेक वेळा हाच. ती लांब शेपूट तो तारेवर तोल सांभाळायला वापरतो, डोंबारी हातात काठी धरतो तसा.

मी मूळचा नंदुरबार जिल्ह्यातला. तोरणमाळला माझा एक मित्र आहे. त्याला मी अकराव्या मजल्यावरच्या उंदराचं सांगितलं तर तो म्हणाला, "आमच्याकडे तर तो रोज रात्री माळ्यावर असतो, त्यात काय नवीन?" तोरणमाळला टॉवर नाहीत. पण त्याचं बरोबरच आहे. कुडाची भिंत, लाकडी किंवा बांबूचा खांब, वर कौलं आणि आत धान्याची कणगी, अशा घरात हा उंदीर रात्रभर वर-खाली करत असतो. झाडावर राहणाऱ्या प्राण्याची ही सवय आहे. आपण शहरात फक्त बांबूच्या जागी पाइप लावला आणि माळा तीस-चाळीस मीटर वर नेला.

चढण्याचं गणित

सार्वजनिक आरोग्याच्या अमेरिकन मार्गदर्शिकांमध्ये उंदराच्या क्षमतेचे काही आकडे वर्षानुवर्षं दिले जातात. इमारतीचा नकाशा बघताना मला त्यातले चारच उपयोगी वाटतात.

पहिला: साधारण १२ मिलिमीटरपेक्षा मोठं भोक असेल तर उंदीर आत शिरू शकतो. म्हणजे तुमच्या हाताचं मधलं बोट सहज जात असेल तर तो पण जातो, निदान पिल्लू तरी. घरातल्या छोट्या उंदरासाठी, ज्याला इंग्रजीत माउस म्हणतात, ६ मिलिमीटर पुरतात.

दुसरा: उभ्या पाइपच्या बाहेरून तो चढतो, जर पाइप साधारण साडेसात सेंटीमीटरपर्यंत जाड असेल. तेवढा पाइप त्याला चार पायांच्या मिठीत धरता येतो.

तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. पाइप कितीही जाड असला तरी तो भिंतीपासून साडेसात सेंटीमीटरच्या आत असेल, तर उंदीर पाइप आणि भिंत यांच्या फटीत शिरतो, पाठ एका बाजूला टेकवतो, पाय दुसऱ्या बाजूला रोवतो आणि सरकत वर जातो. आपण लहानपणी दाराच्या चौकटीत दोन्ही बाजूंना पाय लावून वर चढायचो ना, अगदी तसं. आता तुमच्या इमारतीच्या मागच्या बाजूचे ड्रेनेज पाइप आठवा. ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, क्लॅम्पने भिंतीला लावलेला, मागे दोन-चार बोटांची फट. प्लंबरने नकळत उंदरासाठी जिना बांधलाय आणि प्रत्येक क्लॅम्प म्हणजे त्याचा विसाव्याचा टप्पा.

चौथा: तो जागेवरून साधारण ९० सेंटीमीटर उंच उडी मारू शकतो. हा आकडा पुढे पत्र्याची चकती लावताना लागेल.

पाइपच्या आतून चढतो का? चढतो. चार ते दहा सेंटीमीटर व्यासाच्या उभ्या पाइपमधून तो वर येऊ शकतो, आणि कमोडच्या खाली जे पाणी साठून राहतं, तो अडथळा त्याच्यासाठी फक्त एक डुबकी असते. तपकिरी उंदीर हे करतो आणि तळमजला, पहिला मजला इथे कमोडमधून उंदीर निघाल्याचे किस्से त्यामुळेच खरे असतात. पण दहाव्या मजल्यावरच्या उंदरासाठी मी आधी पाइपची बाहेरची बाजू आणि केबलची डक्ट बघेन. ११० मिलिमीटरचा आतून गुळगुळीत, ओला उभा पाइप सलग तीस मीटर चढण्यापेक्षा बाहेरची कोरडी फट किंवा केबलचा गठ्ठा कितीतरी सोपा आहे.

केबल डक्ट म्हणजे काय

प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या बाजूला एक-दोन दारं असतात, ज्यांच्यामागे मीटर, जाड वायरी आणि डब्यांचा पसारा असतो. ती उभी पोकळी म्हणजे डक्ट किंवा शाफ्ट. विजेची वेगळी असते. इंटरनेट, केबल टीव्ही, इंटरकॉम, सीसीटीव्ही यांची वेगळी असते किंवा असायला हवी. ही पोकळी तळघरापासून गच्चीपर्यंत जाते आणि प्रत्येक स्लॅबमध्ये केबल वर नेण्यासाठी भोक ठेवलेलं असतं.

राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत अग्निसुरक्षेचा भाग ४ आहे. त्यात विजेच्या शाफ्टबद्दल सांगितलंय की ती प्रत्येक मजल्याच्या पातळीवर आग रोखणाऱ्या साहित्याने बंद केलेली असावी. कारण उघडं आहे. उघडी शाफ्ट म्हणजे धुरांडं. खाली शॉर्टसर्किट झालं तर धूर काही मिनिटांत सगळ्या मजल्यांवर. आता गंमत बघा, जे भोक धूर वर नेतं तेच भोक उंदीर वर नेतं. म्हणजे उंदरासाठी वेगळा काही शोध लावायचा नाहीये, जे आधीच असायला हवं होतं ते परत बसवायचंय.

मग ते गेलं कुठे? बिल्डरने ताबा देताना भोकं बऱ्याचदा बंद केलेली असतात. त्यानंतर एक इंटरनेट कंपनी येते, तिचा माणूस भोक फोडून केबल टाकतो आणि जातो. सहा महिन्यांनी दुसरी कंपनी. मग सीसीटीव्हीवाला. कुणीही परत बुजवत नाही, कारण ते कुणाच्याच कामात लिहिलेलं नसतं. पाच वर्षांत प्रत्येक स्लॅबला मूठभर भगदाड तयार होतं आणि त्यातून केबलचा गठ्ठा गेलेला असतो, जो चढायला दोरखंडासारखा.

एक उदाहरण: ठाण्यातली १६ मजली इमारत

मी भाड्याने राहतो त्या इमारतीत गेल्या पावसाळ्यात महिनाभरात तीनदा इंटरनेट गेलं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष तिचा एकटीचा नव्हता.

फायबर कनेक्शनमध्ये रस्त्यावरून एक केबल इमारतीत येते. मधल्या एखाद्या मजल्यावरच्या डब्यात स्प्लिटर असतो, जो एका धाग्यातला प्रकाश आठ किंवा जास्त घरांत वाटतो. तिथून प्रत्येक घराला एक बारीक ड्रॉप केबल जाते. राउटरच्या सेटिंग पानावर, जे बऱ्याच राउटरमध्ये `192.168.1.1` वर उघडतं, आलेल्या प्रकाशाची ताकद दिसते. आमच्याकडे एरवी हे दिसायचं:

```
Rx Power: -21.4 dBm
```

घरगुती फायबरच्या सर्वसाधारण यंत्रणेत हा आकडा उणे ८ ते उणे २७ च्या दरम्यान असला तर ठीक. उणे चिन्हापुढचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. दुसऱ्यांदा नेट जायच्या आदल्या संध्याकाळी मला उणे २६.८ दिसला होता. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. केबल कापली गेली तर प्रकाश एकदम शून्य होतो. उंदीर मात्र आधी बाहेरचं आवरण सोलतो, आतला काचेचा धागा वाकतो, वाकलेल्या जागी प्रकाश गळतो आणि आकडा घसरत जातो. धागा तुटतो तो त्यानंतर. त्यामुळे रोजचा आकडा कुठे तरी लिहून ठेवला असेल तर एक-दोन दिवस आधी कळू शकतं. अर्थात कनेक्टरवर धूळ बसली तरी आकडा घसरतो, म्हणून एकट्या आकड्यावर उंदराला फाशी देऊ नका.

कुणाकुणाचं नेट गेलंय हे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं. एकाच कंपनीच्या ग्राहकांत अकराव्या आणि बाराव्या मजल्यावरच्यांचं गेलं होतं. नवव्या आणि दहाव्यावर चालू होतं. स्प्लिटरचा डबा दहाव्यावर. म्हणजे रस्ता ठीक, स्प्लिटर ठीक, बिघाड दहाव्या मजल्याच्या डब्यानंतर. टेक्निशियनने आपला लाल लेझरचा पेन जोडला आणि अकराव्याच्या डक्टमध्ये दार अर्धं लावून अंधारात बघितलं. एका जागी केबलच्या आवरणातून लाल ठिणगीसारखा उजेड येत होता. तिथे दातांच्या जोडीजोडीच्या समांतर खुणा होत्या. सुरीने कापलं तर एक स्वच्छ रेघ येते, कुरतडल्यावर अशा दोन-दोन खाचा येतात.

केबल उंदराचं खाणं नाही. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, वर्षाला दहा सेंटीमीटरहून जास्त, आणि ते झिजवले नाहीत तर तोंड मिटता येणार नाही. त्यात केबल नेमकी त्याच्या वाटेत आणि तोंडात मावेल अशा जाडीची. प्लास्टिक आणि तांबं सोडा, ॲल्युमिनियम आणि शिसंही तो कुरतडतो.

कोणत्या मजल्यापर्यंत आलाय, हे शोधणं

इथे एक सूचना आधी. विजेच्या शाफ्टमध्ये स्वतः हात घालू नका. दार उघडायचं काम सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनसमोरच करा. आम्ही तसंच केलं.

पद्धत अगदी जुनी आहे. प्रत्येक मजल्याच्या डक्टमध्ये खाली पुठ्ठ्याचा तुकडा ठेवला आणि त्यावर गव्हाच्या पिठाचा पातळ थर चाळणीने पसरला. टाल्कम पावडरही चालते, आणि खरं तर तीच बरी, कारण पीठ हे उलट आमंत्रण ठरू शकतं. सकाळी प्रत्येक पुठ्ठ्याचा फोटो, फोटोला मजल्याचा नंबर. उंदराच्या पुढच्या पायाची चार बोटं उमटतात आणि मागच्या पायाची पाच. मध्ये शेपटीची बारीक रेघ कधी दिसते, कधी नाही.

पहिल्याच रात्री तळघरापासून अकराव्यापर्यंत सलग ठसे मिळाले. बाराव्यावर आणि त्याच्या वर काहीच नाही. बाराव्याच्या स्लॅबचं भोक ओटीजी एन्डोस्कोप कॅमेऱ्याने पाहिलं. हा फोनला लावायचा बारीक वायरचा कॅमेरा असतो, गॅरेजवाले वापरतात. तिथे बिल्डरने भरलेला मूळ मसाला अजून शाबूत होता, केबल त्यातून घट्ट गेल्या होत्या. खालच्या प्रत्येक स्लॅबमध्ये मात्र भगदाड. म्हणजे उंदीर अकराव्यावर थांबला याला त्याची आवड कारणीभूत नव्हती. पुढचा रस्ता बंद होता.

अकराव्याच डक्टच्या कोपऱ्यात घरटंही सापडलं. प्लास्टिकच्या पिशव्यांच्या चिंध्या, वर्तमानपत्राचे तुकडे, आणि शेजारी कुणाच्या तरी एसीचा पाण्याचा पाइप ठिबकत होता. उबदार जागा आणि पाणी वर, जेवण खाली कचऱ्याच्या खोलीत. एक मजला तीन मीटर धरला तर अकरा मजले म्हणजे तेहेतीस मीटर. काळ्या उंदरासाठी हे एका रात्रीचं साधं येणं-जाणं आहे.

आणखी एक खूण होती, जी रात्री टॉर्च तिरपा धरल्यावर नीट दिसली: केबलच्या गठ्ठ्यावर आणि भोकाच्या कडेला काळपट, तेलकट पट्टा. उंदीर मोकळ्या जागेतून जात नाही. मिशा आणि अंग कशाला तरी घासत चालतो आणि रोज त्याच वाटेने जातो, त्यामुळे अंगाचं तेल आणि धूळ तिथे बसते. असाच पट्टा मागच्या बाजूच्या एका ड्रेनेज पाइपच्या फटीत चौथ्या मजल्यापर्यंत दिसला. तिथे एका किचनच्या सिंकचा पाइप भिंतीतून बाहेर येतो आणि त्याभोवतीचं सिमेंट पडलेलं होतं. म्हणजे इमारतीत दोन वेगवेगळे रस्ते होते.

मूळ प्रवेश मिळाला तळघरात. रस्त्यावरच्या चेंबरमधून इंटरनेटच्या केबल ११० मिलिमीटरच्या जमिनीखालच्या पाइपमधून आत येतात. त्या पाइपात बोटभर जाडीच्या तीन केबल होत्या, बाकी तोंड सताड उघडं.

बंद करण्याचा क्रम

पहिला मोह असतो तो तळघराचं तोंड लगेच बुजवण्याचा. पण आत उंदीर असताना बाहेरचं दार बंद केलं तर तो आतच अडकतो. मग एक तर नवीन ठिकाणी कुरतडून कुणाच्या तरी घरात उतरतो किंवा डक्टमध्ये मरतो, आणि तो वास काय असतो हे ज्याने घेतलाय त्याला सांगायला नको. म्हणून आधी पिंजरे लावले. उंदीर नवीन वस्तूला काही दिवस बिचकतो, त्यामुळे पहिले दोन दिवस पिंजरे खटका न लावता, नुसता सुका बोंबील ठेवून उघडे सोडले. तिसऱ्या रात्रीपासून खटका. चार उंदीर मिळाले. घरटं हातमोजे घालून, आधी ब्लीचच्या पाण्याने भिजवून काढलं. कोरडी लेंडी झाडूने झाडायची नाही, धूळ नाकात जाते. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो हे मुंबई-ठाण्यात पावसाळ्यात दरवर्षी ऐकतोच.

मग स्लॅबची भोकं वरून खाली या क्रमाने भरली. आधी अकराव्याचं, मग दहाव्याचं, असं करत खाली. प्रत्येक मजला बंद झाला की उरलेल्याला खालीच जायचा मार्ग राहतो. तळघराचं तोंड सगळ्यात शेवटी, सलग तीन रात्री पावडरवर एकही ठसा नाही हे बघून.

कशाने भरायचं हा प्रश्न मोठा. बाजारात मिळणारा पिवळा फोम स्वस्त आहे, फसफसून फुगतो, पाच मिनिटांत काम. उंदीर तो ब्रेडसारखा पोखरतो, आणि आगीसाठी न बनवलेला साधा फोम पेटतोही. प्लास्टिकची जाळी, थर्मोकोल, कापड यांची तीच गत. आम्ही केबलच्या भोवती आधी स्टेनलेस स्टीलची लोकर घट्ट कोंबली. भांडी घासायच्या साध्या लोखंडी लोकरीचा दमट डक्टमध्ये गंजून चुरा होतो. त्यावर आग रोखणारा मसाला, जो फायरस्टॉप म्हणून मिळतो. लोकर दातांसाठी, मसाला धुरासाठी. विजेच्या शाफ्टमध्ये मात्र धातूची लोकर वापरू नका. तिचा एखादा तंतू उघड्या जोडावर पडला तर नवीनच संकट. तिथे फक्त फायरस्टॉप मसाला, आणि तो परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून.

एकूण एकोणीस भोकं होती आणि दोन रविवार गेले.

बाहेरच्या पाइपसाठी वेगळा उपाय. जहाजं बंदरात बांधतात तेव्हा दोरखंडावर मोठ्या गोल चकत्या लावलेल्या असतात, उंदराने दोरावरून चढ-उतर करू नये म्हणून. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पहिल्यांदा ओळखला गेला तो मांडवीत, गोदीजवळच्या धान्य गोदामांच्या भागात. बंदर आणि उंदीर यांचं नातं किती जुनं आहे हे तेवढ्यावरून कळतं. तीच चकती पाइपवर लावायची. जस्ती पत्र्याची, पाइपपासून साधारण ३० सेंटीमीटर बाहेर येणारी आणि भिंतीला पूर्ण चिकटलेली. भिंतीकडे बोटभर जरी फट राहिली तरी चकती शोभेची. उंची जमिनीपासून निदान सव्वा मीटर, कारण उडी ९० सेंटीमीटरची. आणि शेजारी कुंडी, मोटारसायकल, एसीचं युनिट असं काही नको, नाहीतर उडीची सुरुवातच वरून होते. चौथ्या मजल्यावरच्या सिंकच्या पाइपभोवती अर्थातच सिमेंट भरून घेतलं.

पाइपच्या आतल्या वाटेसाठी इमारतीच्या शेवटच्या चेंबरमध्ये एकाच बाजूला उघडणारी झडप बसवता येते. पाणी बाहेर जाताना ती उघडते, बाहेरून ढकलून उघडत नाही. पण तिची मर्यादा सांगायला हवी. वाइप्स, केस, कापड अडकलं तर ती अर्धवट उघडी राहते किंवा उलट तुंबून मैला तळमजल्याच्या बाथरूममध्ये येतो. जी सोसायटी चेंबर महिन्याला साफ करत नाही तिने ती बसवू नये असं माझं मत. तळमजल्याच्या न्हाणीच्या जाळ्या स्क्रूने घट्ट बसवणं हे कमी खर्चाचं आणि आधी करायचं काम आहे.

मग विषाच्या गोळ्यांचं काय?

मार्च २०१८ मध्ये विधानसभेत एकनाथ खडसे यांनी मंत्रालयातल्या उंदरांचा विषय काढला होता, आठवत असेल. सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारल्याचं कागदोपत्री दिसतंय, असं ते म्हणाले. भागाकार करून बघा: दिवसाला ४५ हजारांहून जास्त, रात्रंदिवस मिनिटाला सुमारे ३२ उंदीर. राज्यभर हशा पिकला. नंतर सरकारकडून खुलासा आला की तो आकडा उंदरांचा नसून विषाच्या गोळ्यांचा होता.

राजकारण बाजूला ठेवू. मला त्या खुलाशात वेगळीच गोष्ट दिसते. काम मोजलं जात होतं ते गोळ्यांत. आपल्या सोसायटीच्या पेस्ट कंट्रोलच्या बिलावरही हेच असतं: इतके केक ठेवले, इतक्या पेट्या बसवल्या. किती भोकं बंद केली हा रकाना नसतो. बाजारातल्या केकमध्ये बहुतेक वेळा ब्रोमॅडिओलोन असतं. ते खाल्ल्यावर उंदीर लगेच मरत नाही. रक्त गोठणं थांबतं आणि काही दिवसांनी तो मरतो, तोवर तो डक्टमध्ये कुठेही गेलेला असतो. असा सुस्त उंदीर घुबडाने किंवा मांजराने खाल्ला तर विष त्यांच्यात जातं. आणि रस्ता उघडाच राहिला तर रिकाम्या झालेल्या जागेत शेजारच्या गटारातून दुसरा येतो. मुंबई महापालिका आजही रात्री काठी आणि टॉर्च घेऊन उंदीर मारणारे कर्मचारी ठेवते. शहराच्या रस्त्यांवर ते लागणारच, कारण अख्खं शहर बुजवता येत नाही. एक इमारत मात्र येते.

बंद केल्यावर ते बंद राहतंय का

आमच्याकडे काम झाल्यावर सहा आठवड्यांनी पाचव्या मजल्याच्या पावडरवर परत ठसे आले. कुरतडलेलं काही नव्हतं. एका घरी नवीन कनेक्शन आलं होतं आणि टेक्निशियनने चौथ्या-पाचव्याच्या मधला मसाला ड्रिलने फोडून केबल ओढली होती. तो त्याचं काम करून गेला, त्याला दोष काय देणार?

त्यानंतर सेक्रेटरी काकांनी दोन गोष्टी केल्या. प्रत्येक स्लॅबमध्ये एक रिकामा लोखंडी पाइपचा तुकडा बसवून घेतला, दोन इंच व्यासाचा, तोंडात स्टेनलेस लोकर कोंबलेला. नवीन केबल आली की लोकर काढायची, केबल त्यातून न्यायची, लोकर परत कोंबायची. ड्रिलची गरजच नाही. आणि डक्टच्या दारांना कुलूप लावून चावी वॉचमनकडे ठेवली. चावी घेताना वहीत कंपनीचं नाव आणि मजला, परत देताना भोकाचा फोटो वॉचमनच्या फोनवर. पहिल्या आठवड्यात दोन टेक्निशियनांनी कुरकुर केली, आता सवय झाली आहे.

तपासणीसाठी पावडर रोज लागत नाही. संशय असलेल्या भोकात टिश्यू पेपरचा बोळा हलकेच अडकवून ठेवा. दोन-तीन दिवसांनी तो जागच्या जागी असेल तर वाट बंद आहे, बाहेर ओढलेला किंवा गायब असेल तर कुणीतरी ये-जा करतंय. आम्ही हे पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि मध्ये एकदा करतो, कारण गटारं भरली की खालचे उंदीर कोरडी जागा शोधत वर सरकतात. आणि माझ्या राउटरचा `Rx Power` मी अजूनही दर रविवारी बघतो. गेल्या रविवारी उणे २१.६ होता.